पूजा होईपर्यंत

परीक्षेच्या खोलीच्या दारात फोन बंद करून पिशवीत टाकायचा असतो, आणि मी तो बंद करायला हातात घेतला तेव्हाच पडद्यावर धाकटीचा मेसेज चमकला. वरच्या पट्टीत मावतात तेवढेच शब्द दिसले. "दादा, आज सकाळी आप्पा". पुढचं कापलेलं होतं. दारातल्या बाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं, माझ्या मागे रांग होती, आणि मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. पिशवी भिंतीशी बाकीच्या पिशव्यांबरोबर ठेवली आणि सतरा नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसलो. नऊ वाजले होते. साडेदहाला पेपर संपणार होता, पावणेबाराला मला गणपतीची प्राणप्रतिष्ठा करायची होती, आणि आप्पाकाकांनी आज सकाळी काय केलं हे मला ठाऊक नव्हतं.

आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. बस डेपोत कंट्रोलर होते, आणि कुठल्याही गोष्टीचं वेळापत्रक केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. चतुर्थीला आमच्या वसाहतीतल्या अकरा घरांत गणपती बसवायचं काम त्यांच्याकडे असायचं. दक्षिणा घेत नसत, फक्त वेळ पाळा म्हणत. पहिलं घर सहा दहा, दुसरं सहा पन्नास, असा कागद आदल्या दिवशी प्रत्येक दाराला लागायचा. उशीर झाला तर 'गाडी सुटली' म्हणून खरोखर पुढच्या घरी जायचे आणि त्या घरच्यांना शेवटचा नंबर मिळायचा. मी आठवीत जाईपर्यंत त्यांची पिशवी धरून बरोबर हिंडत असे. मला पूजा येते ती अशी, पिशवी धरून. कोणी बसवून शिकवलेली नाही. तुम्ही अकरा घरांत अकरा वेळा एकच गोष्ट ऐकलीत, आणि ती सहा वर्षं ऐकलीत, की ती तुमच्या मनाला विचारून आत येत नाही.

उन्हाळ्यापासून ते अंथरुणाला होते. मूत्रपिंडं थकली होती. मी इकडे परदेशी शिकायला निघालो तेव्हा उशीला टेकून बसले होते. हातातली पूजेची वही माझ्यासमोर धरून म्हणाले, "तिथे कोणी विचारलं तर येतं म्हण. नाही विचारलं तर गप्प बस. शहाणपणा करायला जाऊ नकोस." जांभळ्या शाईतली, त्यांच्या अक्षरातली वही. ती आत्ता त्याच पिशवीत होती, बंद फोनच्या खाली.

पहिला प्रश्न मी तीन वेळा वाचला. आज सकाळी आप्पा. आज सकाळी आप्पा उठून बसले, असं असू शकतं. आज सकाळी आप्पा तुझी आठवण काढत होते. पोहे मागून खाल्ले. पंख्याचा आवाज होतो म्हणून भांडले. वाक्य कसंही पुरं करता येतं, मराठीत क्रियापद शेवटी येतं हे मला त्या दिवशी फार जाचलं. मी उत्तरं लिहीत होतो. हात लिहीत होता, म्हणजे अभ्यास झाला होता असं म्हणायचं. समोरच्या मुलीच्या खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी खरवडलेली एक रेघ होती, ती मी दीड तास पाहिली. आजही डोळे मिटले तर ती रेघ दिसते, उत्तरं एकही आठवत नाही.

खरं तर आज मी या परीक्षेला बसायचंच नव्हतं. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक अर्ज भरता येतो, धार्मिक कारणासाठी सुट्टी हवी असेल तर तारीख लिहायची. त्या दिवशी परीक्षा असेल तर दुसऱ्या दिवशी घेतात, कोणी भुवई उंचावत नाही. मी मोठ्या तत्परतेने अर्ज भरला. तारीख लिहिली ती आईने पाठवलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फोटोवरून. गुरुवार. आणि मग इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत यादीने, म्हणजे आमच्या चिटणिसाने, ज्याला सगळे यादीच म्हणतात कारण तो श्वाससुद्धा यादी करून घेत असावा, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अरे, तिथली तारीख कशी चालेल? इथल्या मध्यान्हीला चतुर्थी बुधवारीच आहे. गुरुवारी दुपारी इथे पंचमी लागलेली असणार." बरोबर होतं त्याचं. तिथी जिथल्या तिथे बघायची, हे आप्पाकाकांनी मला शंभर वेळा सांगितलेलं. अर्ज बदलायला गेलो तर खिडकीतल्या बाई हसून म्हणाल्या, मुदत गेली. म्हणजे गुरुवारी मी अधिकृतपणे धार्मिक होतो आणि बुधवारी नव्हतो. मी ही गंमत फोनवर सांगितली तेव्हा आप्पाकाका खोकला येईपर्यंत हसले. "दुसऱ्याच्या वेळापत्रकाने गाडी सोडलीस," म्हणाले. ते त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं, हे पेपर लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. शेवटचं हा शब्द मनात आलाच कसा, म्हणून मी स्वतःवर चिडलो.

साडेदहाला बाहेर आलो. जिन्याखाली, कोणी नव्हतं तिथे उभं राहून फोन चालू केला. धाकटीच्या नावाखाली राखाडी अक्षरांत एकच ओळ होती, हा मेसेज पुसला आहे. पाठवल्याची वेळ नऊला दोन मिनिटं कमी.

पुसल्याची वेळ कुठे दिसत नाही. धाकटी मेसेज पाठवते, आई विचारते कोणाशी बोलतेस, आणि मग काय होत असेल ते मला जिन्याखाली उभ्या उभ्या दिसलं. आप्पाकाका जेवले ही बातमी कोणी पुसत नाही. कोणी बरं झाल्याची बातमी पुसत नाही. मी पायरीवर बसलो. आणि बसल्या बसल्या, रडू यायच्या आधी, मला जे आठवलं त्याची मला आजही लाज वाटते. मला दहा दिवस आठवले. सख्खा चुलता. मला दहा दिवसांचं सुतक. मूर्तीला हात लावता येणार नाही.

मंडळात नव्वद माणसं आहेत आणि पूजा सांगणारा मी एकटा. मी मंडळात गेलो तो कुकरसाठी. वसतिगृहाच्या फळ्यावर चिठ्ठी होती, जुना कुकर, चांगल्या घरी द्यायचा आहे, आणि ती मराठीत होती. कुकर सिस्टरकडे होता. सिस्टर म्हणजे इथल्या इस्पितळातली परिचारिका, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, मंडळाचा अर्धा भार तिच्या खांद्यावर. कुकर देताना तिने सहज विचारलं, पूजा वगैरे येते का? मागच्या वर्षी त्यांनी मोबाइल लावून पूजा केली होती. गुरुजींनी आवाहन म्हटलं आणि मध्येच गादीची जाहिरात सुरू झाली. सगळे हात जोडून गादीची जाहिरात ऐकत बसले, कारण उठायचं की नाही ते कोणाला माहीत नव्हतं. मी म्हणालो, येते. कोणी विचारलं तर येतं म्हण, असं सांगितलेलंच होतं.

त्या दिवसापासून माझी इथे एक जागा झाली. वर्गात मी मागच्या रांगेतला होतो, नाव दर वेळी चुकीचं उच्चारलं जाणारा. मंडळात मात्र यादी मला विचारल्याशिवाय फुलं लिहीत नव्हता. तीन महिने आम्ही हेच करत होतो. हॉलचा अर्ज, मूर्ती शाडूची असल्याची खात्री, विसर्जनासाठी मोठा टब, कारण नदीत काही सोडायला परवानगी नाही. उघड्या ज्योतीचा वेगळा अर्ज. इमारतीच्या रखवालदाराने हॉलमधली धुराची घंटा बरोबर एक तास बंद ठेवायचं कबूल केलं होतं, पावणेबारा ते पावणेएक, आणि तेवढा वेळ तो आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन दाराशी बसणार होता. एका तासात समई, निरांजन, कापूर, सगळं. आप्पाकाकांना हा तास फार आवडला असता.

जिन्याखाली बसून मी हिशेब मांडू लागलो, कायद्याच्या विद्यार्थ्यासारखा. सुतक कधी लागतं? ऐकल्यावर. मी काय ऐकलं? तीन शब्द, क्रियापद नसलेले. मला कोणी काही सांगितलेलं नाही. आणि आप्पाकाकाच सांगायचे, एकदा संकल्पाचं पाणी सोडलं की मग काही कानावर आलं तरी ती पूजा पुरी करायची, मधे सोडायची नाही. म्हणजे पाणी हातातून सुटेपर्यंत माझ्या कानावर काही पडता कामा नये. इतकंच. हे फारच सोयीचं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. आवाजी. आई मला नेहमी व्हिडिओवर फोन करते, माझं तोंड बघितल्याशिवाय तिला मी जेवलो की नाही ते कळत नाही.

"पेपर कसा गेला?"

"बरा. व्हिडिओ का नाही लावलास?"

"नेट धड नाहीये रे. ऐक, पूजेला जातोयस ना? काही खाल्लंस का?"

"पूजा झाल्यावर. मखर झालं का घरी?"

"होतंय," आई म्हणाली. आमच्याकडे गणपती उद्या. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात आवाज मावत नाहीत, खोबरं खवणलं जातं, बाबा दिव्यांच्या माळेवरून धाकटीशी वाद घालतात. फोनमध्ये त्यातलं काही नव्हतं. पुष्कळ माणसं असतील आणि कोणी मोठ्याने बोलत नसेल तर येतो तसा आवाज होता. मागून मावशीचा आवाज आला, "दार लोटून घे गं." मावशी दुसऱ्या गावी राहते. सणाला ती कधी येत नाही, तिच्याकडेही गणपती असतो.

"बाळा," आई म्हणाली, आणि थांबली. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. "ऐक..."

"आई," मी म्हणालो, "पूजा झाल्यावर फोन करतो. आता काही सांगू नकोस."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. नीट कर."

मी असं का म्हणालो ते मला लगेच कळलं नाही, हॉलकडे चालताना कळलं. मी अकरा वर्षांचा असताना, सातव्या घरी पूजा चालू असताना, दारात डेपोतला एक माणूस येऊन उभा राहिला होता. टोपी हातात घेऊन. आप्पाकाकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नुसता डावा हात वर केला, पंजा उघडा, गाडी थांबवतात तसा. पूजा होईपर्यंत बोलू नकोस, एवढंच म्हणाले. तो उभा राहिला. मी पिशवी धरून शेजारी होतो, मला पळी दिसत होती. पळीतलं पाणी ताम्हनात पडायच्या आधी दोनदा बाहेर सांडलं. एरवी त्यांचा थेंब इकडचा तिकडे होत नसे. आरती झाली, मग ते उठले, अंगणात गेले आणि म्हणाले, "आता सांग." त्यांची धाकटी बहीण गेली होती, माझी आत्या. राहिलेल्या चार घरांना ते गेले नाहीत. वही त्या घरच्या मास्तरीणबाईंच्या पुढ्यात ठेवली, हातात दिली नाही, आणि म्हणाले, तुम्हाला वाचता येतं, वाचा. तेव्हा मला वाटलं होतं, केवढा खंबीर माणूस. पळी मी पाहिली होती, पण पळीचा अर्थ मला आज लागत होता. त्यांनी माणूस दारात बघितला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पुढचा पाऊण तास त्यांनी कळलेलं असताना काढला होता.

हॉलमध्ये सगळं तयार होतं. यादी हातात कागद घेऊन खुणा करत होता. सिस्टरने खिडकीतल्या कुंडीत वाढवलेल्या दूर्वा ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या, रात्रपाळी करून थेट आली होती, डोळे लाल. भाताच्या कुकरच्या चाळणीवर उकडलेले मोदक, त्यातले काही फुटलेले. तीस-चाळीस जण जमले होते, काहींच्या पाठीवर दप्तरं, दोन तासांमधल्या सुट्टीत आलेले. रखवालदाराने भिंतीवरच्या पेटीत किल्ली फिरवली आणि मला अंगठा दाखवला.

"चेहरा का असा?" सिस्टर म्हणाली. "पेपर वाईट गेला?"

"हो," मी म्हणालो. दिवसातलं पहिलं खोटं ते. नंतरची मोजली नाहीत.

बसलो. आचमन केलं. संकल्पासाठी उजव्या हातात अक्षता घेऊन पाणी घेतलं. संकल्पात आपण कुठे आहोत ते सांगायचं असतं, कुठला देश, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, आणि मग आपलं गोत्र. वहीतली नदी आमच्या गावची होती. ती खोडून इथली लिहावी की नाही यावर मी आणि आप्पाकाका फोनवर तासभर बोललो होतो. शेवटी ते म्हणाले, जिथे बसला आहेस तिथलं म्हण, देवाला पत्ता कळतो पण तुला कळला पाहिजे. मी इथलं नाव घेतलं. मग गोत्र आलं. गोत्र उच्चारलं आणि माझा आवाज फाटला, कारण त्या गोत्रातला एक माणूस आज सकाळी कमी झाला होता आणि हे मला माहीत होतं. तळहातावर पाणी होतं. आत्ता ओतून टाकावं, उठावं, सांगावं, मला चालणार नाही, माझे काका गेले. यादी घड्याळाकडे बघत होता. अकरा अठ्ठावन्न. मी हात तिरपा केला आणि पाणी सोडलं.

पुढचं मी सावकाश केलं. प्राणप्रतिष्ठेला उजवा हात मूर्तीच्या छातीवर ठेवायचा आणि मंत्र म्हणायचा, या मूर्तीत प्राण येवोत. शाडू थंड होता. मी हात ठेवला आणि पंधरा वेळा ओंकार म्हणायला लागलो, आणि माझ्या मनात देव नव्हता. मनात आमच्या बाहेरच्या खोलीतला लोखंडी पलंग होता आणि त्याच्यावर किंवा त्याच्या खाली जमिनीवर, आत्ता, याच मिनिटाला. मी मातीत प्राण आणत होतो आणि तिकडे. हे वाक्यसुद्धा मी पुरं केलं नाही. नऊपर्यंत मोजलं आणि चुकलो. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग दूर्वेने डोळ्यांना तूप लावलं. माझी सावली मूर्तीवर पडत होती म्हणून सिस्टर थोडी सरकली, आणि तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तूप डोळ्याच्या बाहेर लागलं होतं. ती परिचारिका आहे, हात बघायची तिला सवय आहे.

एकवीस पत्री लागतात. आमच्याकडे चार होत्या. जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहायच्या, तसं म्हणायचं आणि पुढे जायचं, त्याची पूजेतच सोय आहे. यादीने वस्त्र आणलं नव्हतं, हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव विसरणं असावं, तिथेही अक्षता. अत्तराच्या जागी अक्षता. मी वाहत गेलो. आप्पाकाका म्हणायचे, तांदूळ संपू देऊ नकोस, बाकी काही नसलं तरी गाडी चालते. वाटी तळाला लागली तेव्हा सिस्टरने न सांगता भातासाठी आणलेल्या तांदळातले मूठभर आणून त्यात टाकले, कुंकू कालवून.

आरतीला सगळे उभे राहिले. इथे लोक आरती फार मोठ्याने म्हणतात, घरी म्हणत नसतील इतक्या. ज्यांना शब्द येत नाहीत ते टाळ्या मोठ्या वाजवतात. कापूर पेटला, रखवालदार खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुरामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. बारा एकेचाळीसला मंत्रपुष्पांजली संपली. चार मिनिटं हातात ठेवून. मी नमस्कार केला, उठलो, आणि कोणी प्रसाद पुढे करायच्या आत बाहेर आलो.

बाहेर लांब पडवीसारखा बोळ होता, एका बाजूला काचा. दोन मुली पाठ करत फेऱ्या मारत होत्या. मी आईला फोन लावला. या वेळी तिने व्हिडिओ उचलला. कपाळ रिकामं होतं, केस ओले होते.

"झाली?"

"झाली. आता सांग."

"उभा आहेस ना? बस आधी कुठेतरी."

मी काचेला पाठ टेकून खाली बसलो आणि तिने सांगितलं. पहाटे चारला. झोपेत नाही, जागे होते, किती वाजले विचारलं आणि बाबांनी सांगितलं. आदल्या रात्री म्हणाले होते, पोराची उद्या पूजा आहे, काही झालं तर दुपार होईपर्यंत त्याला कळवू नका, त्याच्या दुपारी, आपल्या नाही. धाकटीला कोणी सांगायचं राहिलं. मी पुष्कळ रडलो. फेऱ्या मारणाऱ्या मुलींनी वही मिटली आणि जिना चढून वर गेल्या.

मी डोळे पुसले तेव्हा समोर सिस्टर उभी होती, हातात मोदकाची वाटी. मी डावा हात वर केला, पंजा उघडा. ती जागच्या जागी थांबली. वाटी खाली ठेवली नाही, पुढेही केली नाही.

"कोण?" तिने विचारलं.

"काका. ज्यांची वही आहे ते."

"उद्याची उत्तरपूजा?"

"वही आत चौरंगाशी आहे. तुला वाचता येतं. वाच."

"मला संस्कृत धड येत नाही. चुकले तर?"

"अडलीस तर अक्षता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "आता खोलीवर जा आणि डोक्यावरून अंघोळ कर. रात्रपाळी संपलीच आहे माझी, इथलं आवरून तुझ्यासाठी भात घेऊन येते. शिवणार नाही, दारात ठेवीन." ती वळली आणि आत गेली. काचेतून मला ती यादीच्या कानाशी लागलेली दिसली, आणि यादीने कागदावरची एक ओळ खोडून तिच्यावर दुसरं काही लिहिलं.

फोन अजून चालू होता. आई माझ्याकडेच बघत होती, मगाशी जिन्याखाली माझं तोंड तिला दिसलं नव्हतं ते सगळं आता बघून घेत असल्यासारखी.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला सकाळीच कळलं होतं ना?"

काचेपलीकडे मूर्ती दिसत होती, पाठमोरी. छातीवर हात ठेवला होता तो गारवा अजून तळव्यात होता.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.